साबण कुठं ठेवलाय? महिला संघासाठी हात धुण्याचं सत्र आखताना

मी बेळगावात कम्युनिटी हेल्थ नर्सिंग शिकवते. आमच्या विद्यार्थिनींना गावात जाऊन आरोग्यशिक्षणाचं एक सत्र घ्यावं लागतं आणि त्याचा लेसन प्लॅन लिहून द्यावा लागतो. बहुतेक जणी विषय घेतात हात धुणं आणि स्वच्छता. सोपा वाटतो म्हणून. मजकूर पुस्तकात तयार असतो, पोस्टर मिळतं, हात धुण्याच्या पायऱ्या पाठ असतात. मग वहीत पहिलं उद्दिष्ट उतरतं, "सत्राच्या शेवटी महिलांना हात धुण्याचं महत्त्व समजेल."

हे वाक्य मी खोडते. महत्त्व त्यांना आधीपासून ठाऊक असतं. कुठल्याही गावात "जेवायच्या आधी काय करायचं?" असं विचारून बघा, सगळ्या एका सुरात उत्तर देतात. अडतं ते पुढे. परसाकडून आलेल्या बाईच्या हाताशी त्या क्षणी साबण नसतो, पाणी चंबूच्या तळाशी उरलेलं असतं आणि चुलीवरचं दूध उतू जायला आलेलं असतं. सत्र आखायचं ते या क्षणासाठी. ते कसं आखायचं हे मी खानापूर तालुक्यातल्या, जांबोटीच्या बाजूच्या एका मराठी गावातल्या सत्रावरून सांगते. चार मुलींचा गट होता, संघात सतरा बायका होत्या आणि वेळ होता पंचेचाळीस मिनिटं.

आधी बघून या

सत्राच्या आठवडाभर आधी मुलींना एका सकाळी आशाताईंबरोबर आठ घरं फिरायला पाठवलं. अट एकच होती. हात धुण्याबद्दल एकही प्रश्न विचारायचा नाही. पांढरा कोट घातलेल्या मुलीनं "साबणानं हात धुता का?" असं विचारलं तर दारात उभी असलेली बाई "हो" म्हणणारच. त्यात खोटेपणा नाही, पाहुणीला बरं वाटेल ते बोलायची आपल्याकडे रीत आहे. म्हणून विचारण्यापेक्षा बघणं बरं. पाणी प्यायला मागायचं, बसायचं, गप्पा मारायच्या आणि तीन गोष्टी डोळ्यांनी टिपायच्या: साबण कुठं आहे, संडासापाशी पाणी आहे का, आणि लहान मुलाची शी कुठं जाते.

संध्याकाळी वही उघडली तेव्हा आठही घरांत साबण होता. अंगाचा साबण न्हाणीत, उंच कोनाड्यात. कपड्यांचा साबण दगडाजवळ. संडासाजवळ मात्र एकाही घरी नव्हता. संडास परड्याच्या टोकाला, घरापासून वीस-पंचवीस पावलांवर, आणि न्हाणी घराच्या दुसऱ्या अंगाला. म्हणजे संडासातून आलेल्या बाईला साबणापर्यंत पोचायला अख्खं घर ओलांडावं लागत होतं, आणि वाटेत चूल लागत होती.

बाकी दोन गोष्टीही तितक्याच बोलक्या होत्या. चुलीजवळ एका वाडग्यात पाणी ठेवलेलं असायचं आणि भाकरी थापताना त्यातच बोटं बुडवली जायची. आणि रांगत्या मुलानं अंगणात शी केली की ती राख टाकून, खापरीनं उचलून उकिरड्यावर जात होती. कोंबड्या तिथंच उकरत होत्या.

प्लॅनमध्ये "गरज ओळखणे" असा एक मथळा असतो. तिथं मुली बहुधा देशभरातल्या जुलाबाचे आकडे लिहितात. या गटानं त्या जागी आठ घरांतलं हे चित्र लिहिलं, आणि पुढचा सगळा प्लॅन त्यातूनच निघाला.

उद्दिष्ट म्हणजे डोळ्यांना दिसणारी गोष्ट

नर्सिंगच्या लेसन प्लॅनला ठरलेले रकाने असतात: वेळ, विशिष्ट उद्दिष्ट, मजकूर, शिकवणारी आणि शिकणारी काय करतील, साधनं, मूल्यमापन. रकाने भरणं अवघड नाही. अवघड आहे ते उद्दिष्टाचं क्रियापद. "समजेल", "जाणीव होईल", "महत्त्व पटेल" ही क्रियापदं मोजता येत नाहीत, आणि जे मोजता येत नाही त्याच्या मूल्यमापनाच्या रकान्यात मुली "प्रश्नोत्तरे" एवढंच लिहून मोकळ्या होतात. त्याऐवजी सांगतील, करून दाखवतील, बांधतील, दाखवतील अशी क्रियापदं घ्यायची.

आम्ही तीनच उद्दिष्टं ठेवली. संघातल्या बायका साबणानं हात धुऊन दाखवतील, एकही जागा न सोडता. मुलाची शी कुठं टाकायची आणि का, हे त्यांच्या शब्दांत सांगतील. आणि प्रत्येक जण आपल्या घरी संडासाजवळ साबण-पाण्याची जागा कुठं करणार ते ठरवेल, जी आम्ही पंधरा दिवसांनी येऊन बघू.

हात कधी धुवायचे याचे पाच-सहा प्रसंग पुस्तकात असतात. एका सत्रात मी दोनच घेऊ देते: शौचाशी संबंध आल्यावर, म्हणजे स्वतः जाऊन आल्यावर किंवा मुलाचं ढुंगण धुतल्यावर, आणि अन्नाला हात लावण्याआधी, म्हणजे स्वयंपाक, जेवण, मुलाला भरवणं यांच्या आधी. बाईच्या दिवसात हे दोन क्षण पकडले तर जंतूंचा मोठा रस्ता बंद होतो. सहा प्रसंग सांगितले तर त्यातला एकही लक्षात राहत नाही, हे मी अनेक सत्रांत पाहिलंय.

वेळेबद्दलही थोडं सांगते. कर्नाटकात 2000-01 मध्ये स्त्री शक्ती योजना सुरू झाली, तेव्हापासून गावोगावी असे संघ आहेत आणि आठवड्याला त्यांची बचतीची बैठक होते. सत्र त्या दिवशीच घ्यावं, पण पैशाचा हिशेब होण्याआधी. हप्ता भरून पासबुक हातात आलं की बायका घराकडे निघतात, आणि त्यांना थांबवून ठेवणं बरोबरही नाही. भाताच्या रोपलावणीच्या दिवसांत तर सत्र ठेवूच नये.

कुठल्या शब्दांत बोलायचं

सीमाभागात ही अडचण खास आहे. कॉलेजात शिकणं इंग्रजीतून, मुली हुबळी-धारवाडकडच्या, केरळच्याही, मिळणारं पोस्टर कन्नडमध्ये, आणि समोरच्या बायका मराठी शाळेत चौथी-सातवी झालेल्या किंवा शाळेत न गेलेल्या. आमच्या गटातली एकच मुलगी मराठी घरातली होती. तिनं मजकूर लिहून आणला त्यात "मलविसर्जनानंतर हस्तप्रक्षालन" असं होतं. मी तिला विचारलं, "तुझ्या आजीला हे कळेल का?" तिनं ते कापून "परसाकडून आल्यावर हात धुणं" असं लिहिलं. सत्रात "शी" म्हणायला मुली लाजतात आणि "विष्ठा" म्हणतात. मग बायकांना वाटतं हे काहीतरी डॉक्टरी आहे, आपल्या अंगणातलं नव्हे. ज्या घरात ज्या गोष्टीला जे नाव आहे तेच वापरायचं. आणि पोस्टर कन्नडमध्ये असेल तर ते नेऊच नये. त्या दिवशी आम्ही रांगोळी नेली.

पहिली दहा मिनिटं: शी पासून ताटापर्यंतची वाट

1958 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या एका प्रकाशनात शौचातले जंतू दुसऱ्या माणसाच्या तोंडात कुठल्या वाटांनी जातात याचं वर्णन आलं. त्यावरूनच पुढे एक आकृती रूढ झाली, आणि जगभर ती आजही शिकवतात. वाटा पाच: हात, माश्या, पाणी, माती आणि या सगळ्यांतून अन्न. आमच्या मुलीनं ती जमिनीवर रांगोळीनं काढली. एका टोकाला अंगणात बसलेलं बाळ, दुसऱ्या टोकाला ताट. मधल्या वाटा तिनं काढल्या नाहीत. त्या बायकांना विचारल्या.

विचारण्याआधी एक छोटी चाचणी घेतली होती. कापडानं झाकलेली दोन वाडगी आणि प्रत्येकीच्या हातात एक चिंचोका. प्रश्न असा, "तान्ह्या बाळाची शी मोठ्यांच्या शीइतकी घाण असते का?" हो म्हणणारीनं उजव्या वाडग्यात चिंचोका टाकायचा, नाही म्हणणारीनं डाव्या. कोण काय म्हणतं ते कुणाला दिसत नाही आणि लिहिता-वाचताही यावं लागत नाही. सतरापैकी तेरा चिंचोके डाव्या वाडग्यात निघाले.

हा समज फार जुना आहे आणि त्यामागे मायाच आहे. दुधावरच्या बाळाची शी आईच्या नाकाला घाण लागत नाही. पण लहान मुलांना पोटाचे आजार वारंवार होतात, त्यामुळे त्यांच्या शीत आजाराचे जंतू असण्याची शक्यता उलट जास्त. एका ग्रॅम शीत अब्जावधी जीवाणू असतात. ते सगळे वाईट नसतात, पण जुलाब लागलेल्या मुलाच्या शीतले जंतू दुसऱ्याला आजारी पाडायला डोळ्याला न दिसणारा अंशही पुरतो.

मग आमच्या मुलीनं एक गोष्ट विचारली, "मावशी, उकिरड्यावर टाकली की ती तिथंच राहते काय?" एक वयस्क बाई म्हणाल्या, "राहतेय कुठली? कोंबड्या पसरतात की सगळीकडं." दुसरीनं रांगोळीत कोंबडीची वाट काढली. तिसरीनं माशीची. पाऊस आला की उकिरड्याचं पाणी विहिरीकडे जातं हे एका तरुण सुनेनं सांगितलं. आमच्याकडचा पश्चिमेचा पाऊस काय असतो हे त्यांना कुणी शिकवायला नको. दहा मिनिटांत पाचही वाटा त्यांनीच काढल्या. आम्ही फक्त शेवटी दोन ठिकाणी आडवी रेघ मारली: एक शी संडासाच्या भांड्यात टाकण्याची, दुसरी साबणानं हात धुण्याची.

लंगोटं धुतलेलं पाणीही भांड्यातच ओतायचं, अंगणात नाही. हे वेगळं सांगावं लागतं, कारण "शी टाकली" एवढ्यावर काम झालं असं वाटतं.

प्रात्यक्षिक, आणि हळदीची चूक

साबण का हवा हे सांगण्यापेक्षा दाखवणं सोपं. त्यासाठी हाताला काहीतरी दिसणारं लावायचं आणि ते साध्या पाण्यानं जात नाही, साबणानं जातं, असं दाखवायचं. पहिल्या तालमीत मुलींनी तेलात हळद कालवून लावली. साध्या पाण्यानं ती गेली नाही, हे छान. पण साबणानंही पुरती गेली नाही, कारण हळद कातडीला रंगच चढवते. हे गावात झालं असतं तर बायकांनी बरोबर उलटा धडा घेतला असता. प्रात्यक्षिक आधी स्वतःच्या हातावर करून बघायचं ते यासाठी.

मग गोडंतेल आणि बारीक धणेपूड घेतली. तेलामुळे पूड हाताला चिकटते आणि नुसत्या पाण्याखाली तशीच राहते. साबण लावून चोळलं की निघून जाते. हाताच्या कातडीवर नेहमीच थोडं तेलकट असतं आणि घाण त्या तेलकटाला धरून बसते. पाणी तेलाला धरत नाही. साबणाच्या कणाचं एक टोक तेलाला धरतं आणि दुसरं पाण्याला, म्हणून तो मधला दुवा होऊन घाणीला पाण्याबरोबर ओढून नेतो. साधा अंगाचा किंवा कपड्याचा साबण पुरतो, जंतुनाशक लिहिलेला महागाचा लागत नाही. पाणी गार चालतं.

दोघींना पुढे बोलावलं. एकीनं वाडग्यातल्या पाण्यात हात धुतले, चुलीजवळ धुतात तसे. दुसरीनं वरून ओतलेल्या पाण्यात साबणानं. पहिलीच्या वाडग्यातलं गढूळ पाणी पांढऱ्या ताटलीत ओतून दाखवलं आणि विचारलं, "आता यात तिसरीनं हात बुडवले तर?" कुणी उत्तर दिलं नाही, पण मागच्या रांगेतल्या दोघी एकमेकींकडे बघत होत्या. वाहतं पाणी का हवं हे पुन्हा समजावून सांगावं लागलं नाही.

यानंतर खरी कृती. पाणी घ्यायचं, साबण लावायचा, मग तळव्यावर तळवा, हाताची पाठ, बोटांच्या बेचक्या, मूठ वळून बोटांची मागची बाजू, अंगठा दुसऱ्या मुठीत फिरवून, नखं तळव्यावर घासून आणि शेवटी मनगट. अंगठा, बोटांची टोकं आणि बेचक्या या जागा सगळ्यात जास्त सुटतात. धणेपूडही तिथंच अडकलेली दिसते. भाकरी मळताना मात्र नेमकी हीच बोटांची टोकं आणि अंगठे कामाला लागतात.

साबण लावून किमान वीस सेकंद चोळायचं. पण चुलीपुढच्या बाईला सेकंद कसे मोजायला सांगायचे? मुलींनी मोबाईल काढला होता, तो मी आत ठेवायला लावला. संघातल्या एका आजीला जात्यावरची ओवी येत होती. तिनं म्हटली, आम्ही घड्याळ लावून बघितलं, आणि तिच्या चालीत दोन ओव्या होईपर्यंत वीस सेकंदांच्या थोडं वर झालं. त्या दिवशीचं माप तेच ठरलं. दुसऱ्या गावात दुसरं काही सापडेल, पण ते तिथल्याच तोंडातलं असावं.

सतरा जणींकडून एकेकीला करून घ्यायला वेळ नसतो. म्हणून जोड्या लावायच्या. एकीनं धुवायचं, दुसरीनं बघायचं आणि सुटलेली जागा सांगायची. शिकवणाऱ्या मुलीनं "मावशी, तुमचा अंगठा राहिला" म्हटलं तर अवघडल्यासारखं होतं. जाऊबाईनं म्हटलं की दोघी हसतात आणि अंगठा धुतला जातो.

राखेचा प्रश्न येतोच. साबण नसेल तेव्हा चुलीतली स्वच्छ राख चालते, नुसत्या पाण्यापेक्षा बरी, पण साबणाइतकी खात्री तिची देता येत नाही आणि भेगाळलेल्या हातांना ती झोंबते. माती मात्र नको. मातीत जंत आणि इतर जंतू असू शकतात. शेणाबद्दल आम्ही मुद्दाम वाद घातला नाही. सारवण त्यांच्या घरात पवित्र आहे आणि तो विषय काढला असता तर बाकी सगळं बाजूला राहिलं असतं. "गोठ्यातून आल्यावर अन्नाला हात लावायच्या आधी साबण" एवढंच सांगितलं, ते कुणाला खटकलं नाही. सॅनिटायझरचंही विचारलं गेलं. हाताला दिसण्याइतकी घाण, तेल किंवा शेण असेल तर तो नीट काम करत नाही, तिथं साबण-पाणीच लागतं.

शेवटची बारा मिनिटं: पायाचा नळ

आता मूळ अडचण, साबण आणि पाणी संडासाजवळ नसणं. यासाठी एक साधी रचना आहे. तेलाचा रिकामा पाच लिटरचा कॅन, दोन बेचकीच्या काठ्या, एक आडवी काठी, एक पायाखालची काठी आणि सुतळी. गरम केलेल्या खिळ्यानं कॅनच्या अंगाला, झाकणापासून साधारण बारा सेंटिमीटर खाली, एक बारीक भोक पाडायचं, दोन मिलिमीटरच्या आसपास. कॅनची मूठ आडव्या काठीत ओवून तो लटकवायचा. झाकणालाही भोक पाडून त्यातून सुतळी घालायची, आतल्या बाजूनं काडीला गाठ मारायची आणि सुतळीचं दुसरं टोक पायाखालच्या काठीला बांधायचं. पायानं काठी दाबली की कॅन कलतो आणि बारीक धार येते. पाय काढला की कॅन सरळ होतो. हात कशालाच लावावा लागत नाही.

पाणी भोकाच्या खालपर्यंतच भरायचं, नाहीतर कॅन सरळ असतानाही ठिबकत राहतो. भोक मोठं झालं तर पाणी लवकर संपतं, मग दुपारी कॅन कोरडा आणि दुसऱ्या दिवसापासून कुणी वापरत नाही. खाली दगड-खडी टाकायची, नाहीतर चिखल होतो आणि त्यात डास होतात.

उन्हाळ्यात लांबून पाणी आणणाऱ्या बायका पहिला प्रश्न पाण्याचाच करतात, आणि तो बरोबर आहे. म्हणून तिथंच मोजलं. खाली घमेलं ठेवून एकीला तांब्यानं हात धुवायला लावले तर पाऊण लिटरच्या आसपास पाणी जमलं. त्याच बाईनं कॅनखाली धुतले तेव्हा पाव लिटरसुद्धा भरलं नाही. हिशेब त्यांनीच केला: पाच माणसांच्या घरात दिवसाला वीस वेळा हात धुतले तरी कॅननं पाच लिटरच्या आत, म्हणजे एका कळशीच्याही आत. त्या क्षणाला चेहरे बदलले.

साबण ठेवायला कांद्याची जाळीदार पिशवी घेऊन ती काठीला लटकवली. हे आम्हाला एका ताईंनीच सांगितलं. "उघडा ठेवला तर कावळा नेतोय बघा, बाई," त्या म्हणाल्या. कावळे आणि उंदीर साबण पळवतात हे पुस्तकात नाही, पण गावात साबण बाहेर न ठेवण्याचं तेच मोठं कारण आहे. वडी परवडत नसेल तर दीड लिटरच्या बाटलीत साधारण तीस ग्रॅम कपड्याची पावडर विरघळवून झाकणाला भोक पाडून ठेवता येते. तेवढं साबणाचं पाणी बरेच दिवस जातं आणि कावळ्याला त्याचा उपयोग नसतो. मात्र ज्यांचे हात फुटलेले असतात त्यांना ते चुरचुरतं, त्यांनी अंगाचा साबणच वापरावा.

प्लॅनमध्ये नसलेला प्रश्न

सत्र संपत आलं तेव्हा एक बाई म्हणाल्या, "शी भांड्यात टाकायची, पुरुषांनीपण तिथंच जायचं, मग खड्डा किती दिवस पुरंल? भरला की कोण उपसणार?" आमच्या मुली गप्प. मजकुराच्या रकान्यात हे नव्हतं. पण संडास असूनही घरातले पुरुष आणि म्हातारी माणसं बाहेर जातात, आणि संडासात जळण रचलेलं असतं, त्यामागे बऱ्याचदा हीच भीती असते. म्हणून इथून पुढे प्रत्येक प्लॅनमध्ये मी याला पाच मिनिटं देते.

दोन खड्ड्यांचा संडास असेल तर उत्तर सोपं आहे. भांड्यामागच्या छोट्या चौकोनी चेंबरमधून दोन खड्ड्यांकडे वाटा असतात. एका वेळी एकच वाट उघडी ठेवायची, दुसरी विटेनं बंद करायची. पाच माणसांच्या घरात साधारण एक मीटर रुंद आणि तितक्याच खोल खड्ड्याला भरायला सुमारे तीन वर्षं लागतात, कारण त्याच्या भिंतींत जाळी ठेवलेली असते आणि पाणी जमिनीत मुरतं. तो भरला की दुसऱ्याची वाट उघडायची आणि पहिल्याला कमीत कमी दीड-दोन वर्षं बंद राहू द्यायचं. त्यानंतर आत निघतं ते कोरडं, वास नसलेलं, मातीसारखं खत. दोन्ही वाटा एकदम उघड्या ठेवल्या तर दोन्ही खड्डे एकदम भरतात आणि सगळा उपयोग जातो. बऱ्याच घरी नेमकी हीच चूक असते, म्हणून चेंबरचं झाकण उघडून बघायला सांगायचं.

एकच खड्डा असेल तर तो भरल्यावर ओला मैला कुणी हातानं उपसायचा नाही. 2013 च्या कायद्यानं त्यावर बंदी आहे, आणि ते जिवावर बेतणारंही आहे. तिथं जागा असेल तर शेजारी दुसरा खड्डा काढून चेंबर करून घेण्याबद्दल ग्रामपंचायतीत बोलावं. आमच्याकडे जमिनीतलं पाणी कुठं वर आहे आणि विहीर किती जवळ आहे हे बघूनच खड्ड्याची जागा ठरवावी लागते, तो निर्णय मुलींनी घ्यायचा नाही.

मोजणं दोनदा

सत्राच्या शेवटी चिंचोके पुन्हा टाकले. डाव्या वाडग्यात दोनच होते. मुली खूश झाल्या आणि मूल्यमापनाच्या रकान्यात "उद्दिष्ट साध्य" लिहायला निघाल्या. मी थांबवलं. अर्ध्या तासापूर्वी सांगितलेलं त्याच दिवशी बरोबर येतंच. त्यावरून बायका ऐकत होत्या एवढं कळतं. त्यापुढचं काही नाही.

खरी मोजणी पंधरा दिवसांनी झाली. पुन्हा न विचारता. सतरा घरांत जायचं आणि बघायचं: कॅन किंवा पाण्याची कसलीही सोय संडासाजवळ आहे का, साबण आहे का, वडी ओली आहे का कोरडी, खालची खडी ओली आहे का. आमच्यासाठी कुणी कॅन आदल्या दिवशी टांगला असेल तर वडी नवीकोरी आणि जमीन कोरडी दिसते. वापरातल्या वडीची कड घासलेली असते.

नऊ घरांत सोय केलेली होती. त्यातल्या सहा ठिकाणी खडी ओली आणि वडी घासलेली. दोन ठिकाणी कॅन होता, साबण नव्हता. एकीकडे सुतळी उंदरांनी कुरतडली होती. बाकी आठांपैकी तिघींकडे संडास न्हाणीला लागून होता, त्यांना कॅनची गरजच नव्हती, साबण कोनाड्यातून खाली आणला होता. हे आम्हाला पहिल्या फेरीत दिसलं नव्हतं, कारण ती घरं आम्ही बघितलीच नव्हती. उरलेल्या पाच घरांत काहीच बदललं नव्हतं. त्यातल्या दोघींनी स्पष्ट सांगितलं की बांधकामाच्या काठ्या घरातल्या पुरुषांनी आणून दिल्या नाहीत.

हे सगळं जुळून आलं तरी हात धुण्यानं जुलाब पूर्ण थांबत नाहीत. आजवरच्या अभ्यासांत साधारण तीस टक्क्यांपर्यंत घट दिसली आहे. पिण्याचं पाणी दूषित असेल तर ती वाट उघडीच राहते. मुलाला जुलाब लागलेच तर ओआरएस आणि झिंक आशाताईंकडे मिळतं, हे बायकांना माहीत आहे का, एवढं त्या फेरीत मुली विचारून आल्या.

शेरे लिहायच्या जागी त्या मराठी मुलीनं तीन ओळी लिहिल्या. सुतळीऐवजी नायलॉनची दोरी घ्यावी. पहिल्या फेरीत आठ नाही, सगळी सतरा घरं बघावीत. काठ्या संघानं एकदम आणाव्यात आणि बैठकीच्या दिवशीच सगळ्यांचे सांगाडे बांधावेत.